अक्कांचं बिनदुधाचं विरजण

आमच्या गल्लीत विरजण मागायला बायका आमच्याच दारात येतात. शिंदखेड्यात दूधवाले पुष्कळ, डेअऱ्याही आहेत, पण अक्कांच्या दह्याचं चमचाभर विरजण नेलं की दही कवडीसारखं लागतं असा सगळ्यांचा समज आहे. तो खराही आहे. दिवेलागण झाल्यावर मात्र अक्का विरजण देत नाहीत. समोर आमदाराची बायको उभी राहिली तरी देणार नाहीत. "सकाळे ये, बैन," एवढंच सांगतात आणि दार लोटून घेतात.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, वच्छलाबाई. वय सत्तरीच्या आतबाहेर, अंगाने काटक, बोलणं तोलूनमापून. मी चारुलता, माहेर बोदवडचं, इथल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. लग्न होऊन आले तेव्हा अक्कांची अहिराणी मला निम्मी कळायची आणि माझं बोलणं त्यांना पुस्तकी वाटायचं. पण आमचं भांडण कधी भाषेवरून झालं नाही. झालं ते दह्यावरून, आणि त्यातही चूक माझीच होती. ती कशी ते सांगते.

अक्कांचं दुपारचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी आणि मोठी वाटी भरून दही. भाजी असली तर असली, नसली तर नसली. घरातल्या पातेल्यातली साय कुंदनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आणि मधला घट्ट भाग अक्कांना, ही वाटणी ठरलेली होती. मला खालचं पाणी यायचं, असं मी एकदा थट्टेने म्हणाले तर त्यांनी आठवडाभर मला सायच वाढली. थट्टा त्यांना कळते, पण त्या तिचा हिशेब मनावर घेतात.

मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला, दोन हजार एकवीसचा एप्रिल आला. कुंदनला धुळ्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलं होतं. आत कुणाला सोडत नव्हते. मी आणि अक्का बाहेर लिंबाच्या झाडाखाली चटई टाकून बसलेलो. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की आजचा आणि उद्याचा दिवस अवघड आहे. अक्का उठल्या, नळावर हातपाय धुतले आणि परत येऊन म्हणाल्या, "चारू, मी दूध-दही सोडी दिधं." कोणत्या देवापाशी सोडलं, किती दिवसांसाठी सोडलं, काही नाही. मी त्या वेळी ऐकलंही धड नाही. कुंदन नवव्या दिवशी वॉर्डातून बाहेर आला, तेव्हा मला ते वाक्य आठवलं.

घरी आल्यावर अक्का बिनदुधाचा चहा पिऊ लागल्या. दही मात्र त्या रोज लावायच्या, आमच्यासाठी आणि गल्लीसाठी. कोमट दुधात बोट बुडवून ऊब बघायची, चमचाभर विरजण घोळायचं, पातेलं पिठाच्या डब्यापाशी गोधडीत गुंडाळून ठेवायचं. सकाळी झाकण उघडून वास घ्यायचा आणि झाकण लावून बाजूला व्हायचं. तीन वर्षं त्यांनी दह्याचं बोटही चाटलं नाही. त्यांच्या ताटात भाकरी आणि चटणी उरली. मग भाकरी अर्धी झाली. मग चतकोर.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत मी त्यांना बळेच डॉक्टरांकडे नेलं. वजन अकरा किलो उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं कमी पडतायत, दूध-दही घ्या. अक्कांनी मान हलवली. घरी येताना रिक्षात मी चिडून बोलले, "देवाला तुमचं दही घेऊन काय करायचंय?" मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. बाई माझ्या डोळ्यांसमोर वाळत चालली होती, आणि कारण काय तर दही.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की दूध सोडलंय ना, मग बिनदुधाचं दही का नको? मोबाइलवर पाहिलं तर जगभर लोक नारळाच्या आणि सोयाबीनच्या दुधाचं दही लावतात. अक्कांना विचारायचं मला सुचलंच नाही. मी विज्ञानाची शिक्षिका, त्यांना काय विचारायचं, हा ताठा होता. तोच पुढे मला नडला.

पहिल्यांदा नारळ. आमच्याकडे नारळ देवापुढे फोडायला आणतात, दूध काढायला कुणी आणत नाही. मी दोन नारळ खोवले, वाटले, पिळून दाट दूध काढलं, कोमट केलं आणि आमच्या नेहमीच्या दह्याचा चमचा त्यात घातला. सकाळी पाहिलं तर वर पांढरं घट्ट झाकण आणि खाली ढवळं पाणी. चमचा घातला की झाकण फुटून लोण्यासारखं तुकडे तुकडे व्हायचं. अक्का बाजूला भाजी निवडत होत्या. त्यांनी एकदा वाकून पाहिलं.

"हाई दही नही, चारू. हाई तेल शे आनि पानी शे."

बरोबरच होतं. म्हशीच्या दुधात आंबटपणा वाढला की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि जाळं तयार होतं. चरबी आणि पाणी त्या जाळ्यात अडकून राहतं. म्हणून दही थरथरतं पण सांडत नाही. नारळाच्या दुधात चरबी भरपूर आणि प्रथिनं नावाला. जीवाणू आंबट करतात, पण धरायला जाळंच नाही, मग चरबी वर येते आणि पाणी खाली बसतं. वर्गात मी हे फळ्यावर चित्र काढून सांगितलं असतं. घरात मात्र पातेलं धुतलं. पुढच्या वेळी तांदळाच्या पिठाची पातळ पेज शिजवून त्यात मिसळली, चमचाभर साखरही घातली. ते एकसारखं राहिलं, पण चव खिरीची आणि आंबटपणा कुठल्या कुठे. अक्कांनी चाखलंही नाही. डॉक्टरांना हवी असलेली प्रथिनं त्यात नव्हतीच, हेही मला उशिराच सुचलं.

मग सोयाबीन. ते आमच्या भागात घरोघरी. कुंदनचे चुलते छगनकाका शिरपूरकडे शेती करतात, त्यांनी पाच किलो पाठवून दिलं. रात्रभर भिजवलं, साल चोळून काढलं, मिक्सरला पाणी घालून वाटलं, फडक्यातून गाळलं. दूध गॅसवर ठेवलं आणि समोर उभी राहिले. पाच-सहा मिनिटांत ते भसकन फेसाळून वर आलं. दूध उतू आलं की उतरवायचं, हे कुणी न शिकवता बाईच्या हाताला ठाऊक असतं. मी उतरवलं. कोमट झाल्यावर विरजण घातलं.

दही लागलं, पण तोंडाला कच्च्या दाण्याचा वास आला आणि घशात खरखर. मी अर्धी वाटी खाल्ली आणि शाळेत तिसऱ्या तासाला पोट धरून बसले. घरी येऊन वाचलं तेव्हा समजलं. सोयाबीनचं दूध उकळायच्या आधीच फेसाळतं. तो फेस म्हणजे उकळी नव्हे. दूध अजून कच्चंच असतं, आणि कच्चं सोयाबीन पोटाला सोसत नाही. फेस बसवून, मंद आचेवर ढवळत पुढे पंधरा मिनिटं तरी ते उकळायला हवं. वासाचाही उपाय होता. भिजलेले दाणे वाटण्याआधी पाच मिनिटं उकळत्या पाण्यात टाकायचे आणि वाटतानाही गरमच पाणी घ्यायचं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते जमलं. पांढरं, किंचित पिवळसर, चमच्याने कापलं की सुरीने कापल्यासारखी कड राहणारं. साय नाही, पाणीही फार सुटत नाही. सोयाबीनच्या दुधात प्रथिनं जवळपास म्हशीच्या दुधाइतकीच, त्यामुळे जाळं बनतं, फक्त जरा वेगळं, ठिसूळ म्हणावं तसं. घुसळलं तर लोणी येत नाही, कणी पडते. आंबटपणाही कमी. म्हशीच्या दुधातली साखर आपल्या विरजणातल्या जीवाणूंच्या ओळखीची असते. सोयाबीनमध्ये ती साखर नाही, दुसऱ्या जातीच्या आहेत. त्यातल्या काही ते खातात, काहींना तोंड लावत नाहीत. म्हणून मी वाटीमागे अर्धा चमचा साखर घालू लागले.

मी अक्कांच्या ताटाशेजारी वाटी ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हाई कसानं?"

"सोयाबीनचं. दुधाचा थेंब नाही."

"इरजन कोनतं?"

विरजण घरातल्या नेहमीच्या, म्हशीच्या दुधाच्या दह्याचं होतं, चमचाभर. अर्ध्या लिटरात एक चमचा. मी मनात म्हटलं, एवढ्याने काय होतंय, विरजण म्हणजे काही खाणं नव्हे. आणि म्हणाले, "लिंबू पिळलं."

अक्कांनी वाटी जवळ ओढली. भाकरीचा तुकडा बुडवला. सावकाश खाल्ला. मग दुसरा. त्या दिवशी त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली आणि वाटी बोटाने पुसून घेतली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. मला रडू आलं होतं, आणि खोटं बोलल्याची लाज तेव्हा अजिबात वाटली नव्हती.

त्यानंतर रोजचं झालं. आदल्या दह्याचा चमचा दुसऱ्या दुधात. माझा हिशेब असा की प्रत्येक खेपेला म्हशीच्या दुधाचा अंश शंभरपट कमी होतो, चौथ्या-पाचव्या खेपेला उरतोच कुठे? हिशेब चुकीचा नव्हता. पण दही माझ्या हिशेबाने चालेना. पाच-सहा खेपा झाल्या की ते लागायला उशीर करायचं, मग पातळ यायचं, मग नुसतं गोडसर, ओघळणारं. दुधाच्या विरजणात दोन-तीन जातींचे जीवाणू असतात आणि ते एकमेकांच्या जिवावर जगतात. सोयाबीनमध्ये त्यातली आंबट करणारी जात मागे पडते, आणि एक मागे पडली की दुसरीही सुस्तावते. त्यामुळे दर रविवारी, सुट्टीच्या दिवशी, मी गुपचूप म्हशीच्या दह्याचा नवा चमचा त्यात घालायचे. सोमवारी दही पुन्हा ठाकठीक.

अक्का सुधारत होत्या. गालांवर मांस आलं. एकदा त्यांनीच त्या दह्याची कढी केली. मी केली असती तर दही उकळीत टाकून त्याची उसळ केली असती. सोयाबीनचं दही आंबट आणि गरम दोन्ही झालं की लगेच कणी धरतं. त्यांनी आधी बेसन दह्यात घोटून घेतलं, पाणी घातलं आणि आच मंद ठेवून शेवटपर्यंत पळी फिरवत राहिल्या. फुनके, म्हणजे वाफवलेले डाळीचे मुटके, आणि कढी, जवळजवळ तीन वर्षांनी त्यांच्या ताटात. कुंदन म्हणाला, "अक्का, तुना चेहरा उजळना." त्या हसल्या नाहीत, पण दुसऱ्यांदा कढी घेतली.

मार्चच्या मध्यावर एका सोमवारी जेवताना त्या म्हणाल्या, "चारू, दर सोमवारले दही आंबट येस. आयतवारले तू काय करस त्यामा?"

मी भाकरी मोडत म्हणाले, "काही नाही. लिंबू जास्त पडतं कधी."

"बरं," म्हणाल्या आणि जेवत राहिल्या.

बुधवारी कुंदनला ताप आला. साधा ताप, गल्लीत चार घरी होता. पण रात्री एकशे तीनवर गेला आणि त्याला थोडा खोकला लागला. अक्का त्याच्या उशाशी बसल्या. त्यांचा एक हात त्याच्या कपाळावर होता आणि दुसरा स्वतःच्या पोटावर. तो पोटावरचा हात मी पाहिला. मी देव मानत नाही. पण त्या रात्री मला वाटलं, हे मी केलंय. तसं वाटणं मूर्खपणाचं होतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं, तरीही वाटलं.

पहाटे त्या गॅसपाशी काळा चहा करत होत्या. मी जाऊन उभी राहिले.

"अक्का, लिंबू नव्हतं. म्हशीच्या दह्याचं विरजण होतं. दर रविवारी नवं घालत होते."

त्यांनी चहा गाळला. "किती दिन?"

"एकेचाळीस."

त्यांनी गाळणीतला चोथा झटकून टाकला. मला वाटलं आता बोलतील, रागावतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माले पहिला दिनच समजनं व्हतं," त्या म्हणाल्या. "लिंबू पिळं तर दूध फाटस. त्याना छना व्हस, दही व्हस नही. साठ वरीस मी दही लावी ऱ्हायनी. माले नही समजाव?"

"मग खाल्लंत का?"

"भूक लागेल व्हती," अक्का म्हणाल्या. "तू खोटं बोलनी, मी खोटं खादं."

त्यांनी माझ्याही हातात काळ्या चहाचा कप दिला. आम्ही दोघी ओट्याशी उभ्यानेच चहा प्यायलो. मग म्हणाल्या, "शाळा शे ना तुनी? जाय."

त्या दिवसापासून त्यांच्या ताटाजवळची वाटी गेली. सोयाबीनचं उरलेलं दही त्यांनी शेजारच्या धनसिंग भाऊंच्या शेळीला घातलं. भाकरी पुन्हा चतकोर झाली. शनिवारी कुंदनचा ताप उतरला, रविवारी तो अंगणात बसून पेपर वाचत होता. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याबरोबर माझा मूळचा स्वभावही परत आला. मी अक्कांच्या समोर जाऊन बसले.

"बघा अक्का. एकेचाळीस दिवस दूध पोटात गेलं. तो धडधाकट आहे. म्हणजे नवसाचा आणि त्याच्या जिवाचा काही संबंध नाही. आता तरी सरळ दही खा."

त्या तांदूळ निवडत होत्या. सुपातला खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "देवनी मांगं नव्हतं. मीच दिधं व्हतं. दिधेल वस्तू परत लेतस का?"

तीन वर्षं मी समजत होते की त्यांनी देवाशी सौदा केलाय, आणि सौदा तर तर्काने मोडता येतो. त्यांनी सौदा केलाच नव्हता. दान दिलं होतं. आणि मी ते त्यांच्या नकळत परत आणून त्यांच्या वाटीत घातलं होतं. नकळत तरी कसलं, त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्या आता स्वतःवरच रुसून बसल्या होत्या.

दुपारभर मी धुसफुसत भांडी घासली. संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, अक्कांनी हाक मारली.

"चारू, मिरचीना देठ आन. ताज्या मिरच्यासना. दहा-बारा."

"कशाला?"

"आन तर खरं."

मी टोपलीतल्या हिरव्या मिरच्यांचे देठ खुडून दिले. त्यांनी ते फक्त पाण्यातून काढले, चोळून धुऊ दिले नाहीत. मग सांगितलं, लहानपणी दोंडाईच्याकडच्या त्यांच्या गावात म्हैस आटली आणि विरजण मोडलं की त्यांची आई दुधात मिरचीचे देठ टाकायची. कुणाच्या दारात न जाता दही लागायचं. सोयाबीनमध्ये चालेल की नाही त्यांना माहीत नव्हतं. पण देठाने कधी गोठा पाहिलेला नाही, एवढं नक्की.

जानेवारीतच विचारलं असतं तर! देठावर जीवाणू असतात, हवेतले, शेतातले, आणि ते झाडपाल्याच्याच साखरेवर जगत आलेले असतात. त्यांना म्हशीच्या साखरेची सवय नाही, त्यामुळे सोयाबीन त्यांना परकं नाही. हे मला मोबाइलवरही सापडलं असतं, अक्कांकडे तर ते साठ वर्षं पडून होतं.

मी सोयाबीनचं दूध नीट पंधरा मिनिटं उकळून दिलं. अक्कांनी बोट बुडवून ऊब पाहिली, देठ आत सोडले, बुडतील असे दाबले आणि पातेलं गुंडाळलं. सकाळी काही नाही. दुपारी थोडं दाटसर. संध्याकाळी लागलं, पण सैल, वर तिखट-हिरवट वास.

"पहिलं फेकी देवानं," अक्का म्हणाल्या. "दुसरं चाखानं. तिसरं खावानं."

फेकण्याआधी त्यांनी देठ काढून त्यातलाच एक चमचा नव्या दुधात घातला. दुसरं दही आठ तासांत लागलं, वास निम्मा झाला होता. त्या म्हणाल्या, आंबूस वास चालतो. पण सडका वास आला, बुळबुळ आली किंवा लाल-गुलाबी डाग दिसला तर विरजणासकट टाकून द्यायचं, जीव लावायचा नाही. असलं रानातलं विरजण दर वेळी सारखं वागेलच असं नाही. आमचं वागलं. तिसरं दही मार्चच्या उन्हात सहा तासांत लागलं, घट्ट, मिरचीचा मागमूस नाही. आणि ते थकलं नाही. दहाव्या खेपेलाही तसंच. उलट थोडं जास्त आंबट होत गेलं.

पण अक्का ते खाईनात.

तिसऱ्या दह्याची वाटी मी त्यांच्या ताटाजवळ ठेवली, त्यांनी ती उचलून माझ्या ताटाजवळ ठेवली. मी खाल्लं. दुसऱ्या दिवशीही तेच. का ते मला समजलं होतं, त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. ज्या सकाळी मी कबूल केलं, त्या सकाळपासून मी काळा चहा पीत होते. दूध, दही, ताक, पेढा, काही नाही. शाळेत सगळ्यांनी विचारलं, चारूताई, डाएट का? मी हो म्हटलं. कुंदनने विचारलं तर अक्काच म्हणाल्या, "तिना उपास शे." त्याने पुन्हा विचारलं नाही.

मला विचाराल तर मी ते कोणत्या देवासाठी करत नव्हते. मी खोटं बोलले होते आणि ते एका माणसाच्या पोटात गेलं होतं. ते बाहेर कसं काढायचं हे माझ्या विज्ञानात नव्हतं. म्हणून जे दिवस मी त्यांच्याकडून घेतले तेवढे माझे द्यायचे, एवढंच डोक्यात होतं. अर्धा चमचा दूध नाही घातलं तर चहा किती कडू लागतो हे मला त्या दिवसांत कळलं. अक्का तीन वर्षं हाच चहा पीत होत्या आणि मी त्यांना रोज विचारायचे, साखर पुरे ना?

त्या दिवसांत अक्का विरजण सांभाळत राहिल्या. दर दिवसाआड नवं दूध, नवं दही, वाटी माझ्यापुढे. स्वतः चतकोर भाकरी, डाळ आणि मी हट्टाने वाढलेली मुगाची उसळ. एप्रिल लागला. उन्हात दही चार तासांत लागायला लागलं, तेव्हा त्यांनी पातेलं गोधडीतून काढून माठाशेजारी ठेवलं.

मी कॅलेंडरवर खूण केलेली नव्हती. कुणाला आकडाही सांगितलेला नव्हता. मनात मोजायचे, कधी एखादा दिवस चुकून दोनदा मोजायचे आणि मग मागे जाऊन तपासायचे.

एका सकाळी उठून आले तर ओट्यावर दोन कप होते. एकात काळा चहा. दुसऱ्यात दुधाचा, दाट, वर साय धरलेला. अक्कांनी दुधाचा कप माझ्याकडे सरकवला.

"आज बेचाळीसावा शे," त्या म्हणाल्या.

मी उभ्या उभ्या बोटांवर पुन्हा मोजलं. बरोबर होतं. मी चहा प्यायले आणि शाळेत गेले. दुपारी सुट्टीत घरी आले तेव्हा अक्का ताटावर बसल्या होत्या. समोर अख्खी भाकरी होती, आणि बिनदुधाच्या दह्याची वाटी निम्मी संपली होती.